एका रक्त-अहवालाचे वाचन : प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी सहा प्रश्न

आपल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सर्वांत अधिक संख्येने होणारी तपासणी म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण गणना. सर्वसामान्य रुग्ण तिला ‘सीबीसी’ या नावाने ओळखतो. बाह्यरुग्ण विभागातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या हातात हा एका पानाचा कागद असतो आणि त्यावरील एकच आकडा, हिमोग्लोबिन, नातेवाईक वाचतात. त्याच्या खाली छापलेले दहा-बारा आकडे न वाचलेलेच राहतात. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष कामाचे शिक्षण घेण्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र हेच आकडे वाचायला शिकवावे लागते. त्यासाठी त्यांच्यासमोर ठेवण्यात येणारा एक नमुना अहवाल आणि त्यावरील प्रश्न येथे उत्तरांसह देत आहोत. देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांनाही त्यावरून कल्पना येईल की, एका स्वस्त व नेहमीच्या तपासणीत एखाद्या कुटुंबाच्या भवितव्याशी निगडित असलेली माहिती कशी दडलेली असते.

अहवाल अभ्यासासाठी रचलेला आहे. तो कोणा एका रुग्णाचा नाही. वय २३ वर्षे, स्त्री, पहिले गर्भारपण, दहावा आठवडा. तक्रार काहीही नाही. नावनोंदणीच्या वेळची नेहमीची तपासणी. आकडे पुढीलप्रमाणे :

हिमोग्लोबिन : डेसिलिटरमागे १०.८ ग्रॅम
तांबड्या पेशींची संख्या : घनमिलिमीटरमागे ५६ लाख
पीसीव्ही, म्हणजे रक्तातील पेशींचा हिस्सा : ३४.७ टक्के
एमसीव्ही, म्हणजे एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान : ६२ फेम्टोलिटर
एमसीएच, म्हणजे एका पेशीतील सरासरी हिमोग्लोबिन : १९.३ पिकोग्रॅम
एमसीएचसी, म्हणजे पेशींमधील हिमोग्लोबिनची दाटी : ३१.१
आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातील तफावत : १५.१ टक्के
पांढऱ्या पेशी : ७,८००
प्लेटलेट्स : २ लाख ८५ हजार

प्रश्न पहिला : यांपैकी कोणते आकडे यंत्राने मोजले आहेत आणि कोणते गणिताने काढले आहेत?

पेशीगणनेची बहुतेक यंत्रे वॉलेस कूल्टर यांच्या तत्त्वावर चालतात. त्यांना या शोधाचे पेटंट १९५३ साली मिळाले. विद्युतप्रवाह वाहून नेणाऱ्या द्रावात रक्त मिसळून ते एका सूक्ष्म छिद्रातून ओढले जाते. प्रत्येक पेशी छिद्रातून जाताना प्रवाहाला क्षणभर अडथळा करते. अडथळ्यांची संख्या म्हणजे पेशींची संख्या आणि अडथळ्याची उंची म्हणजे पेशीचे आकारमान. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून, तयार झालेल्या रंगीत द्रावातून प्रकाश किती पार होतो यावरून मोजले जाते.

म्हणजे या पद्धतीच्या यंत्रात तांबड्या पेशींची संख्या, एमसीव्ही आणि हिमोग्लोबिन हे तीन आकडे मोजलेले असतात. पीसीव्ही, एमसीएच व एमसीएचसी हे त्यांच्यावरून काढलेले असतात. ५६ लाख पेशी, प्रत्येकी सरासरी ६२ फेम्टोलिटर, असा गुणाकार केला की ३४.७ टक्के हा पीसीव्ही येतो. हिमोग्लोबिनला पेशींच्या संख्येने भागले की एमसीएच मिळते आणि हिमोग्लोबिनला पीसीव्हीने भागले की एमसीएचसी. विद्यार्थ्याने हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा. कारण एमसीएचसी हा आकडा तिन्ही मोजमापांवर अवलंबून असतो. त्यांपैकी एकही बिघडले तर त्याचे चिन्ह तेथे उमटते.

प्रश्न दुसरा : हा अहवाल विश्वास ठेवण्याजोगा आहे काय?

जमाखर्चाच्या वहीप्रमाणे रक्ताच्या अहवालाचाही ताळा घेता येतो. प्रयोगशाळांमध्ये त्याला ‘तीनचा नियम’ म्हणतात. तांबड्या पेशींची संख्या दशलक्षांत घेऊन तिला तीनाने गुणले की साधारणपणे हिमोग्लोबिन मिळावे आणि हिमोग्लोबिनला तीनाने गुणले की साधारणपणे पीसीव्ही मिळावा.

आपल्या अहवालात दुसरा ताळा जुळतो : १०.८ ची तिप्पट ३२.४ होते आणि छापलेला आकडा ३४.७ आहे. इतका फरक चालतो. पहिला ताळा मात्र सपशेल चुकतो : ५.६ ची तिप्पट १६.८ होते आणि हिमोग्लोबिन आहे १०.८. येथे घाईने ‘यंत्राची चूक’ असे लिहून मोकळे होणे योग्य नाही. हा नियम केवळ नेहमीच्या आकाराच्या, हिमोग्लोबिनने नीट भरलेल्या पेशींनाच लागू पडतो. ताळा चुकला की दोनच शक्यता उरतात : एक तर मोजमापात दोष आहे, किंवा पेशीच वेगळ्या आहेत. कोणती खरी, ते पुढच्या पडताळणीवरून ठरवायचे असते.

सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेणे. तसे झाले असते तर रक्त पातळ होऊन हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स आणि तांबड्या पेशींची संख्या ही सर्वच एकत्र खाली गेली असती. येथे पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स नेहमीप्रमाणे आहेत आणि तांबड्या पेशींची संख्या तर प्रौढ स्त्रीच्या नेहमीच्या ३८ ते ४८ लाखांहून अधिक आहे. तेव्हा ही शक्यता बाद. नळीत सूक्ष्म गुठळी असेल तर प्लेटलेट्स बहुधा घसरतात. त्याही घसरलेल्या नाहीत. रक्तद्रवात चरबी अधिक असेल किंवा पेशी एकमेकींना चिकटल्या असतील तर एमसीएचसी ३६ च्या वर जाऊन अशक्यप्राय आकडा दाखवते. येथे ते ३१.१, म्हणजे किंचित कमी. लहान व फिकट पेशींमध्ये जसे असावे तसे.

नमुना किती वेळाने तपासला, हेही विचारले पाहिजे. दूरच्या केंद्रातून आलेले रक्त सामान्य तपमानात एक दिवसाहून अधिक काळ राहिले, तर पेशी पाणी शोषून फुगतात आणि एमसीव्ही खोटाच वाढतो. म्हणजे उशीर झाला असेल तर खरा एमसीव्ही ६२ हूनही कमी असेल, अधिक नव्हे. येथवर आले की विद्यार्थ्याने ठामपणे म्हणावे : मोजमाप बरोबर आहे, पेशीच वेगळ्या आहेत.

प्रश्न तिसरा : पेशी कशा प्रकारे वेगळ्या आहेत?

प्रौढांमध्ये एमसीव्ही ८० ते १०० च्या दरम्यान असतो. ६२ म्हणजे पेशी फारच लहान. एमसीएच २७ च्या आसपास किंवा वर असावयास हवे. येथे ते १९.३ आहे, म्हणजे प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन तुटपुंजे आहे. लहान, फिकट पेशी आणि गर्भवती स्त्री, एवढे पाहिल्यावर आपल्या देशात कोणाच्याही मनात पहिला शब्द येतो तो लोहाची कमतरता. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि विषय संपतो. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबरही असतो. पण या अहवालात एक आकडा त्याच्याशी विसंगत आहे, आणि तो हिमोग्लोबिनच्याच खाली छापलेला आहे : तांबड्या पेशी ५६ लाख.

हा विरोध समजण्यासाठी अस्थिमज्जेत काय घडते ते पाहू. हिमोग्लोबिनच्या रेणूला दोन गोष्टी लागतात : लोह आणि ग्लोबिन नावाची प्रथिने. लोह संपत आले की पेशी लहान निघतात आणि संख्येनेही कमी निघतात, कारण कच्चा मालच अपुरा असतो. याउलट लोह पुरेसे असून ग्लोबिनच्या एका साखळीची निर्मिती जन्मतः उणी असेल, तर प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन कमी भरते, पेशी लहान राहते; मात्र पेशींची संख्या घटत नाही, उलट बऱ्याचदा वाढते. बीटा साखळीच्या बाबतीतील अशा जन्मजात उणिवेचा एकच जनुक ज्याच्याकडे असतो, त्याला बीटा थॅलसेमियाचा वाहक म्हणतात. वाहक व्यक्ती आजारी नसते. तिला बहुधा आयुष्यभर काहीही जाणवत नाही.

प्रश्न चौथा : या दोहोंत फरक कसा करावा?

विल्यम मेंट्झर यांनी १९७३ मध्ये एक सोपा भागाकार सुचवला. एमसीव्हीला दशलक्षांतील पेशीसंख्येने भागावे. उत्तर १३ पेक्षा कमी आले तर थॅलसेमियाचा वाहक असण्याची शक्यता अधिक. १३ पेक्षा जास्त आले तर लोहाची कमतरता असण्याची शक्यता अधिक.

आपल्या अहवालात ६२ भागिले ५.६ म्हणजे ११.१. शेजारी दुसरा अहवाल ठेवून पाहू : हिमोग्लोबिन ९.६, तांबड्या पेशी ४२ लाख, एमसीव्ही ७५, आरडीडब्ल्यू १८.५. येथे ७५ भागिले ४.२ म्हणजे १७.९. दोन्ही स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी, दोघींच्या पेशी लहान. पण दुसरीच्या पेशी संख्येनेही मध्यम आणि आकाराने एकमेकींहून फार भिन्न आहेत. लोह हळूहळू संपत जाते, त्यामुळे जुन्या मोठ्या व नव्या लहान पेशी एकाच रक्तात दिसतात आणि आरडीडब्ल्यू वाढते. वाहकाच्या पेशी आरंभापासूनच लहान असतात, म्हणून त्या साधारणतः एकसारख्या दिसतात. आणखी एक बाब लक्षात घ्यावी : पहिल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन थोडेसेच कमी आहे, पण पेशी अतिशय लहान आहेत. लोहाच्या कमतरतेने एमसीव्ही ६२ पर्यंत खाली यावयाचा, तर हिमोग्लोबिन बहुधा त्याहून बरेच घसरलेले असते.

यानंतर काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर देऊन, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक आहे. वाहकाच्या रक्तात मध्यभागी ठिपका असलेल्या, नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या दिसणाऱ्या पेशी आणि निळसर बारीक ठिपक्यांच्या पेशी आढळू शकतात. लोहाच्या कमतरतेत लांबट, पेन्सिलीसारख्या पेशी अधिक दिसतात. यंत्र आकडा देते. पेशीचे रूप डोळ्यांनीच पाहावे लागते.

तरीही भागाकार हा केवळ इशारा आहे, निदान नव्हे. काही वाहकांचा भागाकार १३ च्या वर जातो, लोह नुकतेच कमी होऊ लागलेल्या काहींचा खाली येतो. शिवाय एकाच व्यक्तीत दोन्ही गोष्टी असू शकतात, आणि आपल्याकडे गर्भवतींमध्ये हे मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून परीक्षेत ‘मेंट्झर निर्देशांक ११, निदान थॅलसेमिया वाहक’ एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण देता येत नाहीत. योग्य उत्तर असे : ‘वाहक असण्याची दाट शंका; एचबीए२ व फेरिटिन यांची तपासणी आवश्यक.’

प्रश्न पाचवा : शंका पक्की कशी करावयाची, आणि तेथे कोठे फसगत होते?

हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीस एचपीएलसी म्हणतात. निरोगी प्रौढांत एचबीए२ हा प्रकार साधारणतः ३.५ टक्क्यांच्या आत असतो. बीटा थॅलसेमियाच्या वाहकात तो बहुधा ४ ते ६ टक्के आढळतो. फेरिटिन हे शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप आहे. फेरिटिन कमी असेल तर लोहाची कमतरता आहेच, मग वाहकत्व असो वा नसो.

फसगतीच्या जागा तीन आहेत. पहिली, लोहाची तीव्र कमतरता एचबीए२ चे प्रमाण थोडे खाली ओढते. वाहकाचा आकडा त्यामुळे ३.५ च्या आसपास येऊन ‘सामान्य’ भासू शकतो. म्हणून सीमेवरचा आकडा आला तर एरवी लोहाचा उपचार पूर्ण करून तपासणी पुन्हा करता येते. गर्भारपणात मात्र वाट पाहायला वेळ नसतो, तेव्हा पतीची तपासणी लगेच करतात आणि जरूर तर जनुकीय तपासणीही करतात. दुसरी, गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त दिले गेले असेल तर दात्याचे रक्त मिसळलेले असल्याने अहवाल भ्रामक ठरतो. मागणीपत्रावर हा प्रश्न छापलेला असतो. तो रिकामा सोडलेला नमुना विद्यार्थ्याने पुढे पाठवू नये, विचारून भरावा. तिसरी, अल्फा थॅलसेमियाच्या वाहकात पेशी लहान असूनही एचबीए२ सामान्यच असतो. त्याचा निर्णय या तपासणीने होत नाही.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. वाहक ठरलेल्या स्त्रीला लोह देऊच नये, असा याचा अर्थ नाही. फेरिटिन कमी असेल तर तिलाही लोहाची गरज असतेच. मात्र साठा पुरेसा असताना केवळ एमसीव्ही वाढत नाही म्हणून महिनोन्महिने लोहाची मात्रा वाढवीत जाणे निरर्थक आहे. तिच्या पेशी लोहाने मोठ्या होणार नाहीत.

प्रश्न सहावा : या एका अहवालामुळे आणखी कोणाची तपासणी आवश्यक ठरते?

हा प्रश्न शेवटी ठेवला असला तरी सर्वाधिक महत्त्वाचा आहे. उत्तर : पतीची, आणि तीही विनाविलंब.

दोघांपैकी एकच वाहक असेल तर अपत्याला थॅलसेमियाचा गंभीर आजार होत नाही. फार तर तेही वाहक होईल. दोघेही बीटा थॅलसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक शक्यता अशी की, अपत्यास दोन्ही सदोष जनुके मिळून थॅलसेमिया मेजर होईल. अशा मुलाचे हिमोग्लोबिन साधारणपणे सहा महिने ते दोन वर्षे या वयात घसरू लागते आणि पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. दिलेल्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साठत जाते, म्हणून ते बाहेर काढण्याची औषधेही कायमची घ्यावी लागतात. चारांत एक ही शक्यता प्रत्येक खेपेस नव्याने असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणजे पुढचे तीन धोक्यात, किंवा पहिले आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब चालत नाही.

येथे विद्यार्थ्यांकडून हमखास राहणारा एक मुद्दा आहे. पतीचा सीबीसी सामान्य आला म्हणून थांबायचे काय? नाही. सिकलसेलच्या वाहकाचा सीबीसी बहुधा पूर्णपणे सामान्य असतो. हिमोग्लोबिन, एमसीव्ही, काहीही संशयास्पद दिसत नाही. पण पत्नी थॅलसेमियाची वाहक आणि पती सिकलसेलचा वाहक असेल, तर अपत्याला या दोहोंचा संयुक्त आजार होऊ शकतो आणि तोही तीव्र असू शकतो. विदर्भात, तसेच नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे जनुक बऱ्याच प्रमाणात आढळते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत थॅलसेमियाचे वाहक अधिक प्रमाणात आढळतात. मात्र कोणताही समाज त्यातून पूर्णपणे मुक्त नाही. म्हणून पतीचीही एचपीएलसी तपासणीच करावी.

दहावा आठवडा हा तपशील अहवालात मुद्दाम ठेवला आहे. दोघेही वाहक निघाले तर गर्भाच्या वारेचा सूक्ष्म अंश घेऊन जनुकीय तपासणी करता येते आणि ती साधारणतः अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात करतात. त्यानंतर गर्भजलाच्या तपासणीचा मार्ग उरतो, पण निर्णयासाठी मिळणारा अवधी आखडत जातो. दहाव्या आठवड्यात ‘लोहाची कमतरता’ समजून तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या आणि मग हिमोग्लोबिन वाढले नाही म्हणून पुढची तपासणी केली, तर पंचविसावा आठवडा उजाडलेला असतो. हातातला काळ असा निघून गेल्यावर त्या दांपत्यापुढे फारच थोडे पर्याय शिल्लक राहतात.

तंत्रज्ञाची मर्यादा कोठे आहे, हेही विद्यार्थ्यांना याच प्रश्नाखाली सांगितले जाते. निदान करणे आणि रुग्णाला ते सांगणे हे वैद्यांचे काम आहे. खिडकीवर अहवाल देताना ‘तुम्हाला थॅलसेमिया आहे’ असे उद्गार कोणीही काढू नयेत. ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतील अंतर न समजल्याने घराघरांतून विनाकारण भय पसरते व बहुतेक वेळा दोष सुनेच्या माथी मारला जातो. वास्तविक हे जनुक आई किंवा वडील या दोघांपैकी कोणाकडूनही येते. तंत्रज्ञाने एवढेच करावे की, अहवालाच्या शेरा-रकान्यात ‘पेशी लहान, संख्या अधिक, एचबीए२ तपासणीचा विचार व्हावा’ अशी नोंद प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांच्या निदर्शनास आणून त्यांच्या संमतीने घालावी, म्हणजे ती संबंधित डॉक्टरांच्या नजरेतून सुटणार नाही.

रुग्णांच्या आप्तांना विनंती एवढीच की, घरातील जुने सीबीसी अहवाल फेकून न देता जपून ठेवावेत. पाच वर्षांपूर्वीचा एमसीव्ही ६३ आणि आजचा ६२ असेल, तर ती उणीव जन्मजात असावी, असे डॉक्टरांना एका दृष्टिक्षेपात समजते. पाच वर्षांपूर्वी तो ८८ असेल, तर आता रक्त किंवा लोह कोठे जात आहे याचा शोध घ्यावा लागतो. विवाह ठरविताना किंवा गर्भारपणाची नोंदणी करताना हिमोग्लोबिनच्या आकड्याखालील आणखी दोन ओळी, तांबड्या पेशींची संख्या आणि एमसीव्ही, डॉक्टरांना आवर्जून दाखवाव्यात. एमसीव्ही ८० च्या खाली असेल, तर ‘एचबीए२ करून घ्यावे का?’ हा प्रश्न त्यांना निःसंकोच विचारावा.